कोड तुम्ही लिहिलात, पण मालक कोण? फ्रीलान्स करारातलं एक कलम नीट वाचूया

नोव्हेंबर २०२५ मध्ये देशात चारही नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेमुळे 'गिग वर्कर' हा शब्द बातम्यांत आला. संहितेची व्याख्या सांगते की गिग वर्कर म्हणजे मालक-नोकर या पारंपरिक नात्याच्या बाहेर राहून काम करणारी आणि त्यातून कमावणारी व्यक्ती. चर्चा झाली ती विमा आणि कल्याण निधीची. मला मात्र या व्याख्येतला 'नात्याच्या बाहेर' हा भाग महत्त्वाचा वाटतो. कारण तुम्ही केलेल्या कामाचा मालक कोण, हे भारतात बऱ्याच अंशी याच मुद्द्यावर ठरतं. आणि ते कामगार कायदा ठरवत नाही, १९५७ चा कॉपीराइट कायदा ठरवतो.

करारात काहीच लिहिलं नसेल तर?

कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की कृतीचा पहिला मालक तिचा निर्माता. याला एक मोठा अपवाद आहे. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं होतं. फ्रीलान्सर नोकरीत नसतो, त्यामुळे हा अपवाद त्याला लागत नाही. सॉफ्टवेअरचा कोड कायद्याच्या दृष्टीने 'साहित्यकृती'त मोडतो, म्हणून वेबसाइटचा कोड असो की ब्लॉगचा मजकूर, वेगळा लेखी करार नसेल तर कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. क्लायंटने पूर्ण पैसे दिले तरी! ज्या कामासाठी पैसे दिले त्यासाठी ते वापरायची परवानगी त्याला मिळाली असं धरलं जातं. पण परवानगी वेगळी आणि मालकी वेगळी.

फोटोग्राफर आणि व्हिडिओवाल्यांनी मात्र इथे थांबून वाचावं. कोणी पैसे देऊन फोटो किंवा फिल्म करून घेतली तर नियम उलटा आहे. वेगळं ठरलं नसेल तर पहिला मालक क्लायंट. म्हणजे एकाच प्रोजेक्टमध्ये कोड डेव्हलपरचा आणि प्रॉडक्टचे फोटो क्लायंटचे, असंही होऊ शकतं.

एक उदाहरण घेऊ

समजा, सांगलीतल्या एका डेव्हलपरने पुण्याच्या एका ट्रॅव्हल कंपनीचं बुकिंगचं काम घेतलं. ठरले १,५०,००० रुपये. त्यातले ६०,००० आधी, ४५,००० डिझाइन मंजूर झाल्यावर आणि ४५,००० साइट सुरू झाल्यावर. क्लायंटने पाठवलेल्या करारात एक ओळ आहे: 'या प्रकल्पात तयार झालेलं व वापरलेलं सर्व काही, तयार होताच, क्लायंटच्या मालकीचं होईल.' ओळ वाचायला साधी आहे, पण तिच्यात दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण 'तयार होताच' या शब्दांत आहे. साइट सुरू झाली आणि शेवटचे ४५,००० अडकले, असं धरून चला. या करारानुसार कोड लिहिला त्याच क्षणी क्लायंटचा झालेला आहे. डेव्हलपरच्या हातात फक्त उधारी उरते. ती वसूल करायची तर नोटीस, मग दावा, आणि तोवर साइट चालूच.

हेच 'पूर्ण रक्कम मिळाल्यावर' असं लिहिलं असतं तर चित्र बदललं असतं. पैसे थकवून साइट चालवणं हा नुसता देण्याघेण्याचा वाद राहत नाही, कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. त्यात कोर्टाकडून वापर थांबवण्याचा आदेश मागता येतो. प्रत्यक्षात कोर्टापर्यंत जायची वेळ सहसा येत नाही, कारण क्लायंटच्या वकिलालाही हा फरक कळतो.

दुसरी अडचण 'वापरलेलं सर्व काही' मध्ये लपलेली आहे. या डेव्हलपरने तीन वर्षांपूर्वी सीट निवडण्याचा एक मॉड्यूल लिहिला होता. तोच थोडाफार बदलून तो प्रत्येक बुकिंगच्या कामात वापरतो. वरच्या ओळीवर सही केली की क्लायंट म्हणू शकतो, तो मॉड्यूलही आता आमचा. मग पुढच्या क्लायंटला तोच मॉड्यूल देणं अडचणीचं होतं. शिवाय साइट वर्डप्रेसवर असेल तर वर्डप्रेसचा कोड जीपीएल लायसन्सवर आहे. जे आपलं नाही त्याची मालकी आपण देऊच शकत नाही, तरी इथे देण्याचं वचन देऊन बसतो.

मग ओळ कशी असावी?

मी असे करार वाचताना डिलिव्हरेबल्सचे तीन भाग पाडतो: या कामासाठी नवं लिहिलेलं, आपलं आधीचं, आणि तिसऱ्याचं. त्यावरून ओळ अशी होते:

'या प्रकल्पासाठी नव्याने तयार केलेल्या, परिशिष्ट अ मधील कामाचा कॉपीराइट पूर्ण रक्कम मिळाल्यावर क्लायंटकडे जाईल. परिशिष्ट ब मधील डेव्हलपरचं आधीचं काम डेव्हलपरचंच राहील. क्लायंटला ते या साइटसाठी, वेगळं शुल्क न देता, कायम वापरता येईल. तिसऱ्या पक्षाचं सॉफ्टवेअर आपापल्या लायसन्सनुसार राहील.'

यात क्लायंटचं काही नुकसान नाही. मॉड्यूल वापरायला मिळतो, साइट बंद पडत नाही. फक्त परिशिष्ट ब मध्ये 'माझे जुने मॉड्यूल' असं मोघम लिहू नका. नाव, आवृत्ती आणि तारीख लिहा. गिटमध्ये त्या कोडचा जुना इतिहास असेल तर 'हे आधीचं होतं' हे दाखवणं सोपं जातं.

क्लायंटसाठीही एक सापळा

कलम १९ नुसार कॉपीराइट देणं लेखी हवं आणि देणाऱ्याची सही हवी. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हेही त्यात यायला हवं. काळ लिहिला नाही तर तो पाच वर्षे धरला जातो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणखी एक म्हणजे मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलं नसल्यास, तो संपतो. नुसतं 'सर्व हक्क क्लायंटचे' लिहून निर्धास्त झालेल्या ट्रॅव्हल कंपनीला सहाव्या वर्षी हा धक्का बसू शकतो. म्हणून 'कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी' हे शब्द क्लायंट मागणार, आणि ते मागणं रास्त आहे. तुम्ही ते मान्य करा, पण त्यासमोर 'पूर्ण रक्कम मिळाल्यावर' हे शब्द घालून घ्या.

अमेरिकन क्लायंट असेल तर

तिकडच्या करारांत 'वर्क मेड फॉर हायर' हा शब्दप्रयोग हमखास असतो. अमेरिकन कायद्यात बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेलं काम या नावाखाली फक्त नऊ ठरावीक प्रकारांत बसतं, आणि सॉफ्टवेअरचा त्यात वेगळा उल्लेख नाही. १९८९ मध्ये रीड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्रपणे काम करणाऱ्या शिल्पकाराला संस्थेचा नोकर मानायला नकार दिला होता. म्हणून त्यांचे वकील पुढे आणखी एक वाक्य जोडतात: 'तसं नसल्यास, फ्रीलान्सर सर्व हक्क याद्वारे देत आहे.' खरी सही या वाक्यावर होते. 'याद्वारे देत आहे' म्हणजे आत्ताच दिलं. तिथेही पैशांची अट जोडायला सांगा.

नकार आला तर? लहान क्लायंट बहुतेक वेळा मानतात, मोठ्या कंपन्या छापील करार सहसा बदलत नाहीत. तेव्हा मी हप्त्यांकडे बघायला सांगतो. मालकी आधीच जाणार असेल तर शेवटचा हप्ता ४५,००० ऐवजी १५,००० असावा, आणि उरलेले ३०,००० डिझाइनच्या टप्प्यावर घ्यावेत. कलम बदलता येत नसेल तर निदान त्या कलमावर अडकणारी रक्कम तरी कमी करता येते.