कर्म दिसते, पण सापडत नाही

संघाचे जुने अहवाल आणि चातुर्मासाच्या स्मरणिका ज्या फाँटमध्ये जुळवल्या गेल्या, त्यांत डोळ्यांना देवनागरी दिसत असली तरी आत इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात. ‘क्रुतिदेव 010’मधील ‘कर्म’ हा शब्द प्रत्यक्षात deZ असा नोंदलेला असतो. फाँट केवळ d च्या जागी क, e च्या जागी म आणि Z च्या जागी रफार यांचे चित्र काढतो. तो फाँट नसलेल्या मोबाइलवर उरते ते deZ. शोधचौकटीत ‘कर्म’ लिहिल्यास काहीच हाती लागत नाही. deZ लिहिले की लगेच सापडते. जुनी फाइल ओळखण्याची ही सोपी परीक्षा.

युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत आणि ती उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात: क, मग र्, मग म. जुन्या फाँटमध्ये रफार शेवटी येतो. म्हणून अक्षरास अक्षर बदलणारे रूपांतर ‘कमर्’ असे लिहून मोकळे होते. ‘जिन’ हा शब्द ftu असा असतो, म्हणजे वेलांटी ज च्या आधी. तिला मागे सरकवले नाही तर ती एकटीच लोंबकळत राहते. चांगले रूपांतरक हे दोन्ही क्रम सावरतात. तरीही रूपांतरानंतर ‘र्’ आणि त्यापुढे मोकळी जागा असा शोध घ्यावा. ‘धमर्’, ‘वषर्’ अशी मंडळी तेथे पकडली जातात.

मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून, फाँटचे नाव पाहून, त्याच फाँटचा तक्ता निवडावा. श्रीलिपीचा मजकूर क्रुतिदेवच्या तक्त्याने उलगडत नाही. इंग्रजी मजकूर आधी वगळावा, कारण ईमेलच्या पत्त्यातील jain हा शब्द या तक्त्यातून ‘रंपद’ होऊन बाहेर पडतो!

मराठीची खरी अडचण मात्र ‘ऱ्य’मधील आडव्या अर्ध्या र ची आहे. हिंदीसाठी बनवलेल्या तक्त्यात तिची सोय असेलच असे नाही, आणि ती खूण हरवली की तिथे रफार येतो. चातुर्मासाच्या हिशेबात ‘आचाऱ्यांना मजुरी’ अशी नोंद असते. तिची ‘आचार्यांना मजुरी’ झाली, तर स्वयंपाक्यांचे पैसे अपरिग्रही गुरुमहाराजांच्या नावे पडले! शब्द शुद्धच असल्याने शुद्धलेखन तपासणारी सोयही येथे हटकत नाही. बँकेत आम्ही खतावणी मूळ पावतीशी ताडून पाहत असू. तसेच ‘र्य’ असलेला प्रत्येक शब्द शोधून छापील प्रतीशी ताडावा. आणि दुरुस्त करताना नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य या क्रमानेच लिहावे, कारण ‘र्‍य’ हे जोडाक्षर दुसऱ्या पद्धतीनेही लिहिता येते. दिसायला ते सारखेच, पण एका पद्धतीने लिहिलेले दुसऱ्या पद्धतीच्या शोधात सापडेलच याची खात्री नसते.