पोचलं, धनी

गेल्या आठवड्यात कपाटाचा खालचा कप्पा आवरताना एक जुनी वही हाती लागली. आमच्या पेठेतले एक मास्तर गणेशोत्सवासाठी कलापथक बसवीत असत. त्यांच्या गाण्यांची ती वही. ती माझ्याकडे कशी आली आणि परत कशी गेली नाही, याची चौकशी वाचकांनी करू नये. तिच्या मध्यावर एक गाणे आहे. त्याला नाव नाही, पण आम्ही सगळे त्याला 'फोनाचं गाणं' म्हणत असू. त्या गाण्याचा जन्म आमच्याच दिवाणखान्यात झाला, म्हणून त्याची हकीकत सांगायचा थोडासा हक्क माझ्याकडे येतो.

वडिलांचा शाहूपुरीत गुळाचा व्यापार होता, त्यामुळे आमच्या घरी फोन होता. गल्लीत दुसरा नव्हता. साहजिकच तो अर्धा आमचा आणि अर्धा गल्लीचा. मागच्या बोळातल्या एका वैनींचे यजमान मुंबईला गिरणीत, साचेखात्यात कामाला. लालबागला एका गाळ्यात गावाकडच्या वीसेक माणसांबरोबर राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, खानावळीत जेवायचे. पगार झाला की दीडशे रुपयांची मनीऑर्डर करायची आणि पुढच्या रविवारी आमच्या घरी ट्रंककॉल लावायचा, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम.

ट्रंककॉल म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. आधी नंबर नोंदवायचा, मग वाट पाहत बसायचे. हे यजमान नेहमी पी.पी. कॉल करीत. म्हणजे ज्या माणसाशी बोलायचे त्याचे नाव सांगायचे. ते माणूस फोनवर आले की मगच वेळ मोजायला सुरुवात. त्यासाठी जरा जास्त आकार पडे, पण वैनींना बोळातून बोलावून आणेपर्यंतची मिनिटे वाचत. मी धावत जायचो, त्या पदराला हात पुसत यायच्या, आणि मग तीन मिनिटे. तिसरे मिनिट संपले की मध्येच बाईंचा आवाज येई आणि मुंबईकडचे माणूस घाईघाईने निरोप आवरते घेई.

त्या तीन मिनिटांत आम्हांला अर्थातच एकच बाजू ऐकू यायची.

"हाय… हाय की… पोचलं… दोघं बी बरी हायती… न्हाई, आत्याबाईंचा गुडगा… बरं… पोचलं म्हनलं की… जेवताय न्हवं?"

मधल्या जागा आम्ही आपल्या मनाने भरायचो. आई तर त्यात इतकी तरबेज झाली होती, की वैनी गेल्यावर यजमान काय म्हणाले ते ती अख्खे सांगायची.

मास्तर एका रविवारी वडिलांकडे वर्गणी मागायला आले आणि नेमका कॉल आला. ते गप्प बसून ऐकत राहिले. वैनी गेल्यावर म्हणाले, "हे गाणं आहे. करायला काहीच नको, नुसतं उतरवून घ्यायचं." पुढे दीड वर्ष ते उतरवून घेत होते, ही गोष्ट वेगळी.

परगावी राबणाऱ्या माणसाचे गाणे आपल्याकडे नवे नाही. सगळ्यांत गाजलेले अण्णाभाऊ साठ्यांचे 'माझी मैना गावावर राहिली'. अण्णाभाऊ आमच्या शेजारच्या वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे. पोरवयात मुंबईला गेले, गिरणीत राबले. 1944 साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. ही छक्कड अमर शेखांच्या आवाजात संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गावोगाव पोचली. तिची मोठी खुबी अशी, की ती बायकोच्या ताटातुटीने सुरू होते आणि बघता बघता महाराष्ट्रापासून तुटलेल्या मुलखाची होते. पण ते गाणे मुंबईला गेलेल्या नवऱ्याच्या तोंडचे आहे. मागे राहिलेली बाई बोलते ती जात्यावर, ओवीत, आणि तिथे ऐकायला नवरा नसतो. मास्तरांचे म्हणणे असे, की फोनामुळे पहिल्यांदाच दोघे एका वेळी एका गाण्यात येऊ शकतात.

म्हणून पहिल्या खर्ड्यात त्यांनी दोघांनाही घातले. वैनींचे कडवे एका मुलाला साडी नेसवून, आणि नवऱ्याचे कडवे मागच्या झीलकऱ्याने, नाक दाबून, म्हणजे फोनातल्यासारखे. तालमीला आम्ही पोटभर हसलो, आणि मास्तर चिडून वही मिटून निघून गेले. नाकातला आवाज आला की तो वगातला सोंगाड्याच होतो. मग तो मनीऑर्डरीबद्दल बोलो की मरणाबद्दल, माणसे हसणारच.

दुसऱ्या खर्ड्यात त्यांनी नवऱ्याला साफ काढून टाकले. गाण्यात फक्त वैनींची उत्तरे. प्रत्येक कडवे म्हणजे एक फोन. उत्तर झाले की ढोलकी थांबायची आणि चार मात्रा नुसते तुणतुणे वाजायचे. त्या चार मात्रांत नवरा बोलतो. काय बोलतो ते ऐकणाऱ्याने ठरवायचे, जसे माझी आई ठरवायची. ही जागा सांभाळणे फार अवघड होते. ढोलकीवाल्याचा हात शिवशिवायचा आणि तो मध्येच एक टप्पू मारायचा. तसे झाले की फोन कट झाल्यासारखे वाटे. मास्तर त्याच्या हातावर पट्टी मारीत.

पालुपद त्यांनी वैनींच्या तोंडचेच उचलले:

पोचलं धनी, पोचलं बघा

आठ मात्रा आणि आठ मात्रा. मनीऑर्डर पोचली एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा मनीऑर्डर कशी असे, तेही सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. पाठवणारा फॉर्म भरून पैसे आणि वटाव पोस्टात देई. पोस्टमन पैसे रोख घरी आणून देई, सही किंवा अंगठा घेई. फॉर्मचे कूपन घेणाऱ्याकडे राही. त्यावर दोन ओळी निरोप लिहिता येई. आणि सही केलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत जाई. म्हणजे पैसे पोचले की नाही, हे यजमानांना फोन न करताही पोचेच्या कागदावरून कळत होते. तरी प्रत्येक कॉलमध्ये पहिला प्रश्न तोच. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा प्रश्न माणूस का विचारतो, ते कळायला माझे वय तेव्हा पुरेसे नव्हते.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमच्या बाजूच्या चंदगड, आजरा, भुदरगडपासून किती घरे त्या पगारावर उभी होती, ते पुढच्या काही महिन्यांत दिसले. फेब्रुवारीत वैनींना पंचाहत्तर रुपये आले. मार्चमध्ये पोस्टमन आलाच नाही. कॉल मात्र आला. पैसे कुठून आणले असतील देव जाणे.

वैनी फोनवर आल्या. ऐकले. थोड्या थांबल्या. आणि म्हणाल्या, "पोचलं."

मग नेहमीसारखे, पोरे बरी आहेत, जेवताय न्हवं. तीन मिनिटे झाली. त्यांनी फोन ठेवला. आईला राहवले नाही. "पोस्टमन कधी आला गं?"

वैनी म्हणाल्या, "आला न्हाई, काकू. पाठवलंय म्हनत हुते. मागं रांगंत गाळ्यातली मानसं हुबी असत्याल की. त्यांच्यादेखत न्हाई कसं म्हनू?"

यजमानांनी पाठवलेच नव्हते. पोच येणार नव्हती, हे त्यांना ठाऊक. तरी पलीकडून 'पोचलं' ऐकू आले. म्हणजे हिला सगळे कळले आहे, हेही त्यांना त्याच क्षणी कळले असणार. एप्रिलमध्येही तसेच झाले. मे महिन्यात ते वळकटी घेऊन कोल्हापूरला आले आणि परत गेले नाहीत. पुढे एका फौंड्रीत लागले.

मास्तरांना शेवटचे कडवे मिळाले. पण त्यांनी आधी त्यात संप, मालक, सरकार सगळे कोंबले. वडिलांनी स्पष्ट सांगितले, की हे तुम्हांला अण्णाभाऊंसारखे साधत नाही, काढून टाका. मला आजही वडिलांचेच पटते. कडवे पहिल्या कडव्यासारखेच ठेवले. शब्द तेच, पालुपद तेच. फक्त त्याआधी एक ओळ, की टपालवाला दारावरून पुढे गेला.

गाणे उभे राहिले आणि मास्तरांना धास्ती पडली. नाव-गाव बदलले तरी पेठेत कोणाचे ते कळणारच. म्हणून त्यांनी आमच्याच घरी वैनींना बोलावून ऐकवले. यजमानही आले होते, दाराशी उभे राहिले. मास्तर नुसत्या तुणतुण्यावर गायले. शेवटच्या कडव्यानंतर कोणी बोलेना. मग वैनी म्हणाल्या,

"समदं खरं हाय, मास्तर. पर शंभर का म्हनलासा? ह्यांनी कधी शंभर पाठवलं न्हाई. दीडशे पाठवत हुते."

मास्तरांची ओळ होती, 'शंभर रुपये, टपालशिक्का'. त्यांनी समजावले, की शंभर चार मात्रांचे, दीडशे पाचांचे. एक मात्रा वाढते, ठेका मोडतो. वैनींना मात्रा कळत नव्हत्या. "ठेका मोडंना का," त्या म्हणाल्या, "मानूस राबलंय." यजमान काहीच बोलले नाहीत, पण जागचे हललेही नाहीत.

मास्तर वही घेऊन रात्री उशिरापर्यंत आमच्या ओसरीवर बसले. 'दीडशे रुपये' म्हटले की नऊ, 'नोटा दीडशे' म्हटले तरी नऊ. शेवटी 'रुपये' हा शब्दच काढून त्यांनी लिहिले:

दीडशे पुरे, टपालशिक्का

आठ आणि आठ. पहिल्या कडव्यात याचा अर्थ पुरेपूर दीडशे, एक पै कमी नाही. दुसऱ्यात घरखर्चाला तेवढे पुरतात. आणि शेवटच्या कडव्यात, जिथे काहीच आलेले नाही, तिथे तीच ओळ 'आता पुरे, या घरी' अशी ऐकू येते. मास्तरांनी हे ठरवून केले असे मी म्हणणार नाही. वैनींनी हट्ट धरला नसता तर गाणे शंभरावरच राहिले असते, एवढे खरे.

1983 च्या गणपतीत ते पहिल्यांदा गायले गेले. टाळ्या मध्यम पडल्या. पुढे बायकांनी ते हळदीकुंकवाला मागून मागून म्हणवून घेतले.

आता मास्तर नाहीत, वैनीही नाहीत. पैसे बोट दाबताच घरी जमा होतात आणि जमा झाल्याचा निरोप दोन्हीकडे त्याच क्षणी येतो. परवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीबाहेर चहाला थांबलो होतो. फौंड्रीतला एक बिहारकडचा पोरगा, हाताला काळी वाळू लागलेली, कानात बोंडे घालून आईशी बोलत होता. मला फक्त त्याची बाजू ऐकू येत होती.

"पहुँच गया न, माई?" त्याने विचारले, मग थोडा थांबला, आणि पुन्हा विचारले, "पूरा पहुँचा न?"