विश्लेषण: भाड्याने दिलेल्या घरात घरमालक केव्हा येऊ शकतो? ‘पूर्वसूचना’ म्हणजे नेमके काय?

मे महिना उजाडला की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या भाड्याच्या घरांमध्ये एक प्रसंग हमखास घडतो. घरमालकाचा फोन येतो, ‘पावसाळ्याआधी एकदा घर बघून जातो.’ कधी फोनही येत नाही, थेट दारावरची बेल वाजते. काही ठिकाणी तर भाडेकरू कामावर गेलेले असताना मालक जवळच्या जादा किल्लीने आत येऊन गेल्याचे संध्याकाळी समजते. घर मालकाचेच असते, पण संसार भाडेकरूचा असतो. अशा वेळी मालकाचा हक्क कुठवर आणि भाडेकरूचा खासगीपणा कुठून सुरू होतो, याचे उत्तर कायद्यात आहे. मात्र ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे करारात आणि प्रत्यक्ष दिलेल्या सूचनेत भरावे लागते.

पाहणीची गरज का भासते?

या पट्ट्यात पाहणी ही केवळ मालकाची हौस नसते. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते आणि तपासणीस आलेल्या अभियंत्याला इमारतीतली घरे आतून पाहावी लागतात. न्हाणीघरातली गळती, छताच्या गिलाव्यावरचे ओले डाग, खांबाला गेलेले तडे हे बाहेरून दिसत नाही. मे २०२५ मध्ये कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीचा स्लॅब कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला, तेव्हा घराच्या आत काय चालले आहे याकडे दुर्लक्ष किती महाग पडते हे दिसले. त्यामुळे ‘मालकाने यायचेच नाही’ ही भूमिका भाडेकरूच्याही हिताची नाही. प्रश्न आहे तो कसे आणि केव्हा यायचे याचा.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून राज्यात लागू आहे. त्याच्या कलम २८ मध्ये मालकाला जागेची पाहणी करण्याचा हक्क दिला आहे. त्याला दोन अटी आहेत. पाहणी वाजवी वेळी व्हावी आणि तिची पूर्वसूचना जागेत राहणाऱ्याला दिलेली असावी. म्हणजे पूर्वसूचना हा मालकाच्या मनाचा मोठेपणा नाही, ती हक्काबरोबर आलेली अट आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आज बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे अकरा महिन्यांच्या कराराने दिली जातात. या करारात राहणाऱ्याला केवळ वापराची परवानगी असते, ताबा मालकाकडेच राहतो, असे लिहिलेले असते. त्यावरून काही मालक असा अर्थ काढतात की ताबा आपला, तर आत जायला विचारायचे कशाला? पण कलम २८ भाड्याने दिलेल्या जागेइतकेच परवान्याने दिलेल्या जागेलाही लागू आहे. त्यामुळे करार कोणत्याही प्रकारचा असला तरी सूचनेची अट सुटत नाही.

मग सूचना किती तास आधी द्यायची?

कलम २८ मध्ये तासांचा आकडा नाही. सूचना लेखीच हवी असेही त्यात म्हटलेले नाही आणि ‘वाजवी वेळ’ म्हणजे कोणती, याची व्याख्याही नाही. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन प्रणालीत होणाऱ्या करारांच्या प्रचलित मसुद्यात पाहणीचे कलम असते. पण तेही ‘वाजवी सूचना’ आणि ‘वाजवी अंतराने’ एवढ्यावरच थांबते. वादाची ठिणगी पडते ती इथेच. मालकाला दोन तास वाजवी वाटतात, भाडेकरूला दोन दिवस.

तुलनेसाठी केंद्राच्या आदर्श भाडेकरार कायद्याकडे पाहता येते. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो २ जून २०२१ रोजी मंजूर केला. त्यात किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सूचना द्यावी आणि तिच्यात येण्याचे कारण, तारीख व वेळ असावी, असे म्हटले आहे. सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर आत जाऊ नये, असेही बंधन आहे. आग किंवा पुरासारख्या संकटाचा मात्र अपवाद आहे. हा केवळ नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही आणि महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. तरी करारात आकडा लिहिताना हा नमुना आधाराला घेता येतो.

तो जसाच्या तसा उचलणे मात्र इथे अडचणीचे ठरते. डोंबिवलीचा चाकरमानी सकाळी सात-साडेसातची लोकल धरतो आणि रात्री आठपर्यंत परततो. सूर्योदय ते सूर्यास्त हे बंधन पाळायचे तर आठवड्याचे पाच-सहा दिवस घराला कुलूपच असते. दुसरीकडे, सोमवारी सांगून मंगळवारी दुपारी आलेल्या मालकाने २४ तास पाळलेले असले तरी भाडेकरूला सुट्टी टाकावी लागते. म्हणून या भागात तासांच्या आकड्यापेक्षा मध्ये एखादा सुट्टीचा दिवस येतो का, हे पाहणे जास्त व्यवहार्य आहे. तीन-चार दिवस आधी सूचना आणि सुट्टीच्या दिवसाची सकाळ, ही सांगड दोघांनाही झेपते.

चांगली सूचना कशी असते?

एक उदाहरण घेऊ. समजा, डोंबिवली पूर्वेत दुसऱ्या मजल्यावर एक वन बीएचके घर आहे. त्यात नोकरी करणारे जोडपे राहते, मालक ठाण्यात राहतात. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाने न्हाणीघराच्या छताला ओल आल्याची तक्रार सोसायटीकडे केली आहे. दुरुस्ती पावसाच्या आत उरकायची तर मेच्या पहिल्या पंधरवड्यातच पाहणी व्हायला हवी. मालक मंगळवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर असा संदेश पाठवतात:

‘नमस्कार. खालच्या घरात न्हाणीघराच्या छताला ओल आल्याची तक्रार आहे. ती पाहण्यासाठी मी आणि एक प्लंबर रविवार, १० मे रोजी सकाळी ११ ते ११.३० या वेळेत येऊ इच्छितो. न्हाणीघर, संडास आणि स्वयंपाकघरातील मोरी एवढेच पाहायचे आहे. गळतीच्या जागेचे फोटो घ्यावे लागतील, इतर कशाचेही घेणार नाही. ही वेळ सोयीची नसेल तर शनिवार किंवा रविवारची दुसरी वेळ गुरुवारपर्यंत कळवावी. आपल्यापैकी कोणीतरी घरी असताना येऊ.’

या संदेशात कारण ठरलेले आहे. त्यामुळे न्हाणीघर पाहायला आलेल्या माणसाने बेडरूमचे कपाट उघडण्याचा प्रश्न उरत नाही. ‘रविवारी येतो’ म्हटले की माणसाचा अख्खा रविवार दाराकडे कान लावून जातो, इथे वेळ अर्ध्या तासाची आहे. सोबत कोण येणार हे आधी सांगितले आहे. घरात एकटी बाई असताना दारात अनोळखी पुरुष उभा राहणे आणि ‘प्लंबर येणार’ हे चार दिवस आधी माहीत असणे, यात मोठा फरक आहे. शिवाय दुसरी वेळ सुचवायला जागा ठेवली आहे, त्यामुळे सूचना हुकमासारखी वाटत नाही.

लेखी संदेशाचा मालकालाही फायदा असतो. पुढे गळती वाढली आणि ‘मालकाने लक्षच दिले नाही’ असा आरोप झाला तर तारखेसह पुरावा हाताशी राहतो. भाडेकरूनेही फोनवर ‘बरं’ म्हणून सोडण्याऐवजी त्याच संदेशाला उत्तर द्यावे.

भाडेकरूने नकार दिला किंवा मालक न सांगता आला तर?

एखादी वेळ नाकारणे आणि पाहणीच नाकारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘या रविवारी पाहुणे आहेत, पुढच्या शनिवारी या’ हे उत्तर वाजवी आहे. प्रत्येक वेळी टाळाटाळ करणे हा मात्र मालकाच्या हक्कात अडथळा ठरतो आणि करारभंगाचा मुद्दा होऊ शकतो. तरीही कुलूप तोडणे किंवा पाणी-वीज बंद करणे हा मालकाचा मार्ग नाही. आधी तारखेसह लेखी स्मरण, मग वकिलामार्फत नोटीस आणि शेवटी न्यायालय, हाच क्रम आहे.

मालक न सांगता आला तर भाडेकरूला दारातूनच ‘वेळ कळवून या’ असे म्हणता येते. मालक परस्पर आत गेला असेल, तर कोणत्या दिवशी काय घडले हे त्याच दिवशी लेखी कळवावे. इथे कायद्याची मर्यादाही ओळखायला हवी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मधील गृह-अतिक्रमणाच्या गुन्ह्यासाठी गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू दिसावा लागतो. केवळ सूचना न देता येणे म्हणजे आपोआप गुन्हा नव्हे. भाडे बुडाल्यावर रात्री-अपरात्री दार ठोठावत राहणे मात्र वेगळे, कारण तिथे पाहणी हे निमित्त असते आणि हेतू दबावाचा असतो. नवा भाडेकरू किंवा गिऱ्हाईक घेऊन घर दाखवायला येणे हेही कलम २८ मध्ये लिहिलेले नाही. ते हवे असेल तर करारात वेगळे नमूद करावे लागते.

करार करतानाच काय लिहून घ्यावे?

नोंदणीआधी मसुदा वाचला जातो, तेव्हा ‘वाजवी सूचना’ या शब्दांच्या जागी चार गोष्टी घालून घेता येतात: किती तास किंवा दिवस आधी सूचना, ती कोणत्या माध्यमातून, वर्षातून किती वेळा पाहणी आणि जादा किल्ली कोणाकडे. पाइप फुटण्यासारख्या प्रसंगी आधी फोन करून, सोसायटीच्या पदाधिकाऱ्यासमोर दार उघडावे, हेही लिहिता येते.

ही काळजी भाडेकरूइतकीच मालकानेही घ्यायला हवी. याच कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी करून तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे ‘महिन्यातून एकदा येईन, असे तोंडी ठरले होते’ हे मालकाचे म्हणणे तिथे टिकणे कठीण. पाहणीचा हक्क कायद्याने दिला असला तरी तो कसा वापरायचा, हे सहीच्या आधी कागदावर उतरलेले बरे.