साडेआठाचे पावणेसात कोणाचे?

बीड शहरात जालना रोड, बार्शी रोडच्या बाजूला नव्या सदनिकांचे फलक लागले, की शाळांच्या शिक्षक-खोलीत गृहकर्जाची चर्चा सुरू होते आणि त्या चर्चेत एक वाक्य हटकून येते : ‘व्याज साडेआठ टक्के दिसते, पण करसवलत धरली तर पावणेसातच पडते.’ कर्ज देणारा हे सांगतो, घेणारा मान डोलावतो. हे वाक्य एके काळी अक्षरशः खरे होते, म्हणूनच ते अजून टिकून आहे. आज मात्र जिल्ह्यातील बहुसंख्य पगारदारांच्या बाबतीत ते खरे राहिलेले नाही.

स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याज उत्पन्नातून वजा करण्याची मुभा आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम २४ (ब) ने दिली. १९९९ च्या अर्थसंकल्पात या वजावटीची मर्यादा ७५ हजार रुपये झाली, २००० मध्ये एक लाख, २००१ मध्ये दीड लाख. २०१४ मध्ये ती दोन लाखांवर गेली आणि तेथेच गोठली. घरांच्या किमती मात्र गोठल्या नाहीत. ही वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. त्यामुळे दोन लाख वजा झाले म्हणजे दोन लाख वाचले असे नसून, त्या रकमेवर जो कर बसला असता तेवढाच वाचतो.

गेवराई तालुक्यात नोकरी करणारा आणि बीडमध्ये घर घेणारा जिल्हा परिषदेचा एक शिक्षक डोळ्यांपुढे आणावा. त्याचे वार्षिक वेतन ११ लाख रुपये आणि कर्ज २० लाखांचे, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी, असे धरू. मासिक हप्ता १७,३५६ रुपये बसतो. पहिल्या वर्षी भरलेल्या सुमारे २ लाख ८ हजारांपैकी १ लाख ६८ हजार रुपये निव्वळ व्याजात जातात. मुद्दल जेमतेम ४० हजारांनी उतरते. जुन्या करप्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, अडीच हजारांचा व्यवसाय कर आणि भविष्य निर्वाह निधी, विमा आदींचे दीड लाख वजा जाता त्याचे करपात्र उत्पन्न ८ लाख ९७ हजार ५०० रुपये राहते आणि उपकरासह कर होतो ९५,६८० रुपये. गृहकर्जाचे व्याज वजा केले, की कर ६०,७३६ वर येतो. वाचले सुमारे ३५ हजार. एक लाख ६८ हजारांच्या व्याजातून ते काढून टाकले, तर प्रत्यक्ष भार १ लाख ३३ हजारांचा उरतो. वीस टक्क्यांचा कर आणि त्यावर चार टक्के उपकर मिळून रुपयामागे २०.८ पैसे वाचतात. साडेआठातून तेवढा भाग गेला, की ६.७३ टक्के राहतात. पावणेसातचे गणित ते हेच.

हे गणित दोन लाखांच्या आतील व्याजाचे, हे सहसा सांगितले जात नाही. हाच शिक्षक ४० लाखांचे कर्ज घेईल तर पहिल्या वर्षीचे व्याज ३ लाख ३७ हजार होईल. वजावट दोन लाखांनाच मिळेल आणि प्रत्यक्ष दर ७.४५ टक्क्यांच्या आसपास पडेल. कर्ज जितके मोठे, तितका हा दर छापील दराकडे सरकतो.

खरा बदल मात्र पुढचा आहे. २०२० मध्ये आलेली नवी करप्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू होणारी ठरली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने तीत १२ लाखांपर्यंतचे करपात्र उत्पन्न करमुक्त केले. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून ही सीमा पावणेतेरा लाखांवर जाते. या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही. आता त्याच शिक्षकाचा हिशेब पाहावा. अकरा लाखांतून ७५ हजार गेले, उरले १० लाख २५ हजार, कर शून्य. म्हणजे गृहकर्जाची सवलत मिळावी म्हणून जो जुनी प्रणाली निवडतो, तो व्याजाचा दर ६.७३ टक्के पाडून घेण्यासाठी ६० हजार ७३६ रुपयांचा कर आपण होऊन भरतो! सवयीने जुन्या प्रणालीचा पर्याय लिहून देणाऱ्यांची पगारातून कपात याच कारणाने होत असते. ज्यांची झाली, त्यांना विवरणपत्र भरताना नवी प्रणाली निवडून परतावा घेता येतो.

पगार मोठा असेल तर चित्र उलटते काय? अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकाचे वेतन २४ लाख ७५ हजार धरले, तर नव्या प्रणालीतील कराशी बरोबरी साधण्यास जुन्या प्रणालीत एकूण साडेआठ लाखांच्या वजावटी लागतात. गृहकर्जाचे दोन लाख, बचतीचे दीड लाख आणि प्रमाणित ५० हजार मिळून चारच होतात. स्वतःच्या घरात राहणाऱ्यास घरभाडे भत्त्याची सवलतही नसते. उरलेले साडेचार लाख आणायचे कोठून?

नव्या प्रणालीत व्याजाला वाव उरला आहे तो भाड्याने दिलेल्या घरापुरता. महिना दहा हजार भाडे असेल तर वर्षाच्या १ लाख २० हजारांतून तीस टक्के वजा होऊन उरणाऱ्या ८४ हजारांइतके व्याज वळते होते. त्यावरचे व्याज पगारातून वजा करता येत नाही.

यातून एक जुना सल्ला मोडीत निघतो. ‘गृहकर्ज लवकर फेडू नका, करसवलत जाईल,’ असे वडीलधारे सांगत, आणि ते शहाणपणाचेच होते. ६.७३ टक्क्यांचे कर्ज फेडण्यापेक्षा तोच पैसा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत टाकणे फायद्याचे. तेथील करमुक्त व्याज एप्रिल २०२० नंतर कित्येक वर्षे ७.१ टक्के राहिले. आता कर्ज पुरत्या साडेआठाचे आहे. थकबाकीचा हप्ता हाती आला वा शेताच्या वाटणीचे काही आले, तर ते मुद्दलात भरणे म्हणजे साडेआठ टक्के निश्चित मिळवणे होय. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ मध्येच मनाई केली आहे.

ही सवलत गेली म्हणून गळा काढण्याचे कारण नाही. ती मुळातच उफराटी होती. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाला रुपयामागे ३१ पैसे, पाच टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाला जेमतेम पाच पैसे, आणि करपात्र उत्पन्नच नसलेल्या छोट्या दुकानदाराला वा कोरडवाहू शेतकऱ्याला काहीच नाही. ज्याला घर बांधणे सर्वांत जड, त्याचाच दर छापील राहत होता.

त्याच्यासाठी आज जे आहे ते सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मधील व्याज अनुदान. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, देशात कोठेही पक्के घर नसलेले, घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत, अशा अर्जदाराला पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर चार टक्के, एकूण कमाल १ लाख ८० हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांत मिळतात. वर्षाला ३६ हजार झाले. जुन्या प्रणालीत शिक्षकाचे जे ३५ हजार वाचत होते, जवळपास तेवढेच. आणि तेही पूर्ण हप्ता मिळाल्यास पाचच वर्षे. मात्र हप्ता मिळण्याच्या वेळी निम्म्याहून अधिक मुद्दल बाकी असावे लागते, तेव्हा अशा कर्जदाराने फेडीची घाई बेतानेच करावी. बीड, परळी, माजलगाव, अंबाजोगाई येथील नगरपालिकांच्या हद्दीत घर घेणाऱ्या किराणा दुकानदाराला, गॅरेजवाल्याला पावणेसातचा दर मिळण्याची वाट आता याच योजनेतून जाते. बँकेच्या प्रतिनिधीने शिक्षकांच्या खोलीत घालवलेला वेळ या माणसांचे अर्ज भरून घेण्यात लावावा, आणि शाखाधिकाऱ्याने कर्जाच्या कागदावर करसवलतीनंतरचा दर लिहिण्यापूर्वी कर्जदार कोणत्या करप्रणालीत आहे, एवढे तरी विचारावे.