म्यूट केलंय, आणि केलेलंच राहणार

परवा एका घरगुती कार्यक्रमात काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, ग्रुप म्यूट केलायस म्हणे?" बायको सोडून गेल्याची चौकशी करावी तसा सूर. मी हो म्हणालो. त्यावर आत्याकडचा रक्ताचा विषय निघालाच. आज त्याचा सोक्षमोक्ष लावतो, कारण ही पानं नातेवाईकही वाचतात :)

झालं होतं असं. गेल्या वर्षी आत्याचं ऑपरेशन होतं आणि बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. माझा गट तोच. रात्री नऊच्या सुमारास वहिनीने व्हॉट्सअॅपवरच्या आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर माझं नाव लिहून विचारलं, लगेच येऊ शकतोस का. मी तो मेसेज अकराला पाहिला. तोवर दुसरा रक्तदाता मिळाला होता, आत्या सुखरूप आहे. पण तेव्हापासून "म्यूट केल्यामुळे कळलं नाही" हे वाक्य घरात फिरतंय.

मंडळी, त्या रात्री ग्रुप म्यूट नव्हताच! फोन समोर टेबलावर होता आणि टिंग टिंग वाजत होता. त्या दिवशी एका भाचीचा वाढदिवस होता. केकचे फोटो, फुलांचे गुच्छ, 'हॅपी बर्थडे'. दुपारपासून एवढ्यांदा वाजल्यावर मी त्या आवाजाकडे बघणंच सोडलं होतं. कुकरच्या शिट्ट्या मोजणाराही तिसरीनंतर चुकतो हो. आवाज चालू होता, कान बंद झाले होते. म्यूट मी दुसऱ्या दिवशी केलं, आणि ते याच कारणासाठी.

कारण म्यूट म्हणजे कडी लावणं नव्हे, हे कुणी समजूनच घेत नाही. ग्रुप उघडून मेन्यूतून Mute notifications निवडलं की आठ तास, एक आठवडा किंवा कायम, असे पर्याय येतात. (हे 'कायम' 2020 पासून मिळालं, त्याआधी जास्तीत जास्त एक वर्ष होतं.) मी कायम निवडलंय. तरीही दोन गोष्टींना फोन वाजतो: कुणी माझा उल्लेख केला तर, आणि कुणी माझ्याच मेसेजला उत्तर दिलं तर. ग्रुप अर्काइव्हमध्ये टाकला तरी हेच. म्हणजे चाळीस जणांचा गोंगाट बाहेर, आणि माझ्याशी बोलणारा आत. याला उद्धटपणा म्हणायचं?

मात्र त्यासाठी समोरच्याला थोडं करावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. नुसतं नाव टाइप केलं तर तो उल्लेख होत नाही. आधी @ टाइप करायचं, मग सभासदांची यादी येते, तिच्यातून नाव निवडायचं. नाव वेगळ्या रंगात दिसलं की समजावं, लागलं. तसंच उत्तराचं. माझ्या मेसेजखाली "आम्ही चौघं येतोय" लिहिलं तर माझ्या फोनला ते उत्तर आहे हे कळायला मार्गच नाही. मेसेज उजवीकडे सरकवून लिहायचं, म्हणजे माझं वाक्य वर चौकटीत दिसतं. दिवाळीला कोण कोण येणार असं मी विचारलं होतं तेव्हा वहिनीचं उत्तर वाजलं, काकांचं नाही. माझा राग काकांवर नाही. काकांना ते कुणी दाखवलंच नव्हतं याचा आहे.

नीट वापरलं की काय होतं तेही सांगतो. जूनमध्ये गावच्या जमिनीच्या कागदासाठी दादा तलाठ्यासमोर बसला होता. आधारवर माझं नाव नेमकं कसं आहे, हे त्याला तिथल्या तिथे हवं होतं. त्याने @ लावून विचारलं. त्या सकाळी ग्रुपवर त्रेसष्ट न वाचलेले मेसेज होते आणि फोन वाजला एकदाच. दोन मिनिटांत उत्तर गेलं.

आता यालाही मर्यादा आहेत. फोनच्या सेटिंगमधून अॅपच्या सूचनाच बंद असतील तर उल्लेखही वाजणार नाही. पुष्कळ जण ते करून बसतात आणि त्यालाच म्यूट समजतात. खात्री करायची तर घरातल्या कुणाला तरी एकदा @ लावायला सांगा. आणि जो ऊठसूट 'सुप्रभात'लाही पाच जणांना @ लावतो, तो पुन्हा पहिल्या जागी आणून सोडतो. आमच्याकडे असे एक आहेत, नाव घेत नाही, ते आज प्रतिक्रिया देतीलच.

आणि रक्त हवं असेल तर कृपया फोन करा. रात्री नऊला, दोनला, केव्हाही.

असो. काकांना त्याच कार्यक्रमात पंगतीत बसल्या बसल्या @ शिकवलं. संध्याकाळी त्यांचा पहिला उल्लेख आला: "@ जमलं. जिलबी उरली आहे, घेऊन जा." गेलो आणि घेऊन आलो.