विश्लेषण : एकाच परीक्षेऐवजी वर्षभर मूल्यमापन… शिक्षकांच्या पत्रात पालकांना काय सांगायला हवे?

शाळा सुरू झाली की वर्गशिक्षकांचे पत्र पालकांच्या हाती पडते. मुलाचा निकाल आता वर्षअखेरीच्या एका परीक्षेवर ठरणार नाही, त्याचे वर्षभर सातत्यपूर्ण मूल्यमापन होईल, एवढेच बहुतेक वेळा त्यात असते. पालकांच्या मनात मात्र वेगळेच प्रश्न असतात. परीक्षा नाही तर मूल अभ्यास कशाला करील? शिक्षक मनाला येईल तसे गुण देतील का? पुढे दहावीला काय होईल? या प्रश्नांना बगल देणारे पत्र म्हणजे केवळ एक परिपत्रक ठरते. बदल पालकांच्या गळी उतरवायचा असेल, तर त्याचे कारण आणि त्याचे धोके, दोन्ही पत्रात मोकळेपणाने यायला हवेत.

हा बदल आला कुठून?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 मध्ये मंजूर झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. मुलाला किती समजले आणि समजलेले त्याला वापरता येते का, याचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन व्हावे, असे त्याचे कलम 29 सांगते. महाराष्ट्राने ऑगस्ट 2010 मध्ये त्यासाठी कार्यपद्धती ठरवून दिली. तिच्यात मूल्यमापनाचे दोन भाग आहेत. शिकवणे चालू असताना होते ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी होते ते संकलित. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा 70 टक्के, तिसरी-चौथीला 60, पाचवी-सहावीला 50 आणि सातवी-आठवीला 40 टक्के ठेवला गेला. म्हणजे परीक्षा रद्द झालेली नाही. लहान वर्गांत तिचे वजन कमी आहे आणि वर्ग वाढेल तसे ते वाढत जाते. ‘आता परीक्षा नाही’ हा गैरसमज पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात दूर व्हायला हवा.

एका परीक्षेत नेमके काय निसटते?

याचे उत्तर चौथीच्या एका साध्या वजाबाकीतून देता येते. 402 मधून 158 वजा करा. बरोबर उत्तर 244. समजा, वर्गातल्या एका मुलाने 356 लिहिले आणि दुसऱ्याने 254. वार्षिक परीक्षेत दोघांनाही शून्य गुण मिळतात, पेपर गठ्ठ्यात जातो आणि सुट्टी लागते. दोघांच्या चुका मात्र अगदी वेगळ्या आहेत.

356 लिहिणाऱ्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. 8 मधून 2, 5 मधून 0, 4 मधून 1. कोणती संख्या कोणातून वजा करायची आहे, हेच त्याच्या ध्यानात नाही. हातच्याचा विचार त्याच्या मनात आलेलाच नाही. 254 लिहिणाऱ्याला हातचा कळतो. त्याने शतक मोडून 10 दशक केले, सुट्यांच्या घरात 2 चे 12 केले, पण त्यासाठी 10 दशकांतला एक खर्च झाला आणि 9 उरले, हे तो विसरला. पहिल्याला वजाबाकीचा अर्थच पुन्हा शिकवावा लागेल. दुसऱ्याला मधल्या शून्याची अडचण तेवढी सोडवून द्यायची आहे.

त्यासाठी शिक्षकाला फार काही लागत नाही. शंभर, दहा आणि एक रुपयाच्या खेळातल्या नोटा पुरतात. 402 रुपये म्हणजे शंभराच्या चार नोटा आणि एकाच्या दोन. यातून 158 द्यायचे तर आधी शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा घ्याव्या लागतात, मग त्यातली एक मोडून एकाच्या दहा. दुसऱ्या मुलाच्या हातात दहाच्या नऊच नोटा उरतात, तेव्हा आपली चूक त्याची त्यालाच दिसते. हे ऑगस्टमध्ये झाले तर भागाकाराचा धडा येईपर्यंत वजाबाकी पक्की झालेली असते. एप्रिलच्या पेपरात ती चूक कळली, तर तोवर तिच्यावर रचलेला वर्षभराचा भागाकारही डळमळीत झालेला असतो. सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे मुख्य कारण हेच आहे. चूक सापडणे आणि ती दुरुस्त करणे, या दोन्हींना त्याच वर्षात जागा मिळते.

मग गुण कसे ठरतात?

आकारिक मूल्यमापनासाठी आठ साधने सांगितलेली आहेत : दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि गटकार्य-स्वयंमूल्यमापनासारखी इतर साधने. प्रत्येक विषयाला सगळी लागतात असे नाही. गणितात तोंडीकाम आणि प्रात्यक्षिक उपयोगी, तर परिसर अभ्यासात प्रकल्प. यांचे गुण आणि संकलितचे गुण एकत्र करून श्रेणी दिली जाते.

चौथीचे उदाहरण घेऊ. एखाद्या मुलीला सत्रात आकारिकमध्ये 60 पैकी 46 आणि संकलितमध्ये 40 पैकी 22 मिळाले. एकूण 68, म्हणजे ‘ब-2’ श्रेणी. आता समजा, संकलितच्या दिवशी ती तापाने फणफणलेली होती आणि तिला 14 च मिळाले. एकूण 60 होतात, श्रेणी ‘क-1’. एका श्रेणीचा फरक पडला. हाच निकाल फक्त त्या दिवसाच्या पेपरवर लावला असता, तर 55 टक्क्यांवरची मुलगी 35 टक्क्यांवर आली असती. मुलीची समज तीच, फक्त दिवस वाईट होता. पालकांना पत्रातून हा हिशेब एकदा करून दाखवला, तर ‘वर्षभर’ या शब्दाचा अर्थ चटकन कळतो.

धोका कुठे आहे?

पालकांची शंका निराधार नाही. शाळेच्या हातातले गुण सैल होतात, याचा अनुभव महाराष्ट्राने दहावीच्या निकालात घेतला आहे. 2018 मध्ये राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे 20 अंतर्गत गुण काढून घेतले गेले आणि निकाल 77.10 टक्क्यांवर घसरला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळी घसरण या गुणांमुळे झाली असे म्हणता येणार नाही. पण ते गुण परत आल्यावर 2020 मध्ये निकाल 95.30 टक्के लागला. करोनामुळे 2021 मध्ये लेखी परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेतले मूल्यमापन यांवर निकाल लावला गेला आणि तो 99.95 टक्के होता. इतक्या वर निकाल गेला की त्यातून कोणाला काय येते हे कळेनासे होते.

लहान वर्गांत हा धोका वेगळ्या रूपात दिसतो. तिथे गुणांसाठी स्पर्धा नसते, पण नोंदींचा ढीग असतो. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक वर्गांसाठी 30 मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे. तेवढीच मुले धरली आणि सहा विषय धरले, तरी एका सत्रात 180 वर्णनात्मक नोंदी होतात. त्या वेळच्या वेळी झाल्या नाहीत, तर सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एकदम भरल्या जातात. मग वर्गातल्या निम्म्या मुलांपुढे ‘गणिती क्रिया अचूक करतो’ हेच वाक्य येते. प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानातून किंवा आईच्या जागरणातून तयार होतो. कागदावर मूल्यमापन सातत्यपूर्ण असते, वर्गात ते झालेलेच नसते.

दुसरा बिघाड याच्या उलट आहे. शाळा दर पंधरवड्याला चाचणी घेते आणि त्यालाच सातत्यपूर्ण मूल्यमापन म्हणते. एका परीक्षेच्या जागी वीस परीक्षा येतात, मुलाचा ताण वाढतो आणि दोन चाचण्यांच्या मध्ये चूक दुरुस्त करायला वेळच उरत नाही. ‘वर्षभर’ म्हणजे वर्षभर परीक्षा नव्हे, हे शाळांनाही सांगण्याची गरज आहे.

पालकांनी ते खरे चालले आहे हे कसे ओळखावे?

यासाठी शिक्षकाशी भांडावे लागत नाही. पालकसभेत तीन गोष्टी पाहिल्या तरी पुरे. एक, मुलाच्या प्रगतिपत्रकातली नोंद त्याच्याबद्दलच आहे का? ‘वजाबाकी चांगली’ या नोंदीचा उपयोग नाही. ‘मधे शून्य आल्यास हातचा चुकतो, नोटांच्या साहाय्याने सराव घेतला, आता जमते’ ही नोंद उपयोगाची. तिच्यात अडचण, उपाय आणि परिणाम तिन्ही आहेत. दोन, दोन नोंदींमध्ये काही बदल झाला का? जुलैत आणि नोव्हेंबरात तीच अडचण लिहिलेली असेल, तर मोजणे झाले, शिकवणे राहिले. तीन, आकारिक आणि संकलित गुणांत मोठी तफावत सतत दिसते का? एखाद्या सत्रात ती आजारपणामुळे असू शकते. दर सत्रात, प्रत्येक विषयात आकारिकमध्ये नव्वद टक्के आणि लेखीत चाळीस टक्के मिळत असतील, तर शिक्षकाकडे मुलाची वही आणि नोंदवही एकत्र मागून पाहावी.

आणि दहावीचे काय?

पत्राने ही गोष्टही झाकून ठेवू नये. कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची आणि पुनर्परीक्षेतही नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्राने 2023 मध्ये ती वाट स्वीकारली. म्हणजे चौथीपर्यंत वर्षभराच्या कामावर श्रेणी मिळवणाऱ्या मुलासमोर पाचवीत एक परीक्षा उभी राहते आणि दहावीची तर आहेच. त्यामुळे वेळ लावून लिहिण्याचा सराव शाळेने थांबवता कामा नये.

पण यावरून आधीच्या वर्गांतही सारे वजन एका परीक्षेवर टाकावे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पाचवीच्या परीक्षेत नापास होणारे मूल त्या दिवशी नापास होत नाही. त्याचा हातचा दोन वर्षांपूर्वी चुकलेला असतो आणि तो कोणी पाहिलेला नसतो. पाचवीची परीक्षा ती चूक उघड करते, दुरुस्त करत नाही. दुरुस्तीची जागा तिसरी-चौथीच्या वर्गातच आहे आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन प्रामाणिकपणे झाले तरच ती मिळते.

म्हणून शिक्षकांच्या पत्रात योजनेच्या नावापेक्षा एक हमी असायला हवी. मुलाला काय जमत नाही हे महिन्याभरात कळवले जाईल, त्यावर वर्गात काय केले तेही सांगितले जाईल आणि नोंदवही पालकांना कधीही पाहता येईल. ही तीन वाक्ये लिहून त्याप्रमाणे वागणाऱ्या शाळेला पालकांची वेगळी समजूत काढावी लागणार नाही. ती लिहिण्याची तयारी नसेल, तर पालकांनी एका परीक्षेचा आग्रह धरल्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही.