सदुसष्ट रुपये झाले, ताई

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमची ताई ठाऊक आहे. विनोद ती अर्थासकट घेते. कोणी हसलं की 'का हसलात?' हा तिचा पहिला प्रश्न, आणि उत्तर पटेपर्यंत ती वाढणं थांबवते. या आठवड्यात ताटात नुसता भात घेऊन आम्ही पंधरा मिनिटं बसलो ते यामुळेच.

झालं असं, की वरणाला फोडणी देताना ताई म्हणाली, "चाचणीत किती पडले?" भाची म्हणाली, "सिक्स्टी सेव्हन." आणि दोन्ही तळवे वर करून तराजूच्या पारड्यांसारखे खालीवर हलवत, "सिक्स... सेव्हन" असं लांबवत स्वतःच खिदळली. ताईने पळी खाली ठेवली. "म्हणजे काय?"

इतिहास भाचीने चटकन उरकला. अमेरिकेत स्क्रिला नावाच्या रॅपरच्या गाण्यात हे दोन आकडे आले. लामेलो बॉल नावाचा बास्केटबॉलपटू सहा फूट सात इंच उंच, त्याच्या खेळाच्या चित्रफितींना पोरांनी ते गाणं जोडलं. मग सामना बघायला आलेला एक मुलगा कॅमेऱ्यासमोर हातवारे करत तेच ओरडला आणि ते जगभर गेलं. डिक्शनरी डॉट कॉमने २०२५ साली '67' हाच वर्षाचा शब्द ठरवला.

"ते कळलं. पण अर्थ?"

"अर्थ नाहीये, आई."

"अर्थ नाही, मग हसायचं कशाला?"

भाची पुन्हा हसली आणि तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती आकड्याला हसतच नव्हती. 'म्हणजे काय' असं विचारणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याला हसत होती. हा विनोद पूर्ण व्हायला एक न समजणारा मोठा माणूस लागतो, आणि तो आमच्या घरात आयताच उपलब्ध आहे. उलट मोठ्यांना कळलं की खेळ खलास. त्याचा पुरावा लगेच मिळाला. एवढा वेळ गप्प असलेल्या भाऊजींनी आमटी मागताना हात खालीवर करून "सिक्स सेव्हन" म्हटलं. भाचीने डोळे मिटून घेतले. "बाबा, प्लीज. आता मला वर्गात ते म्हणता येणार नाही."

भाऊजी दुखावले. "आमच्या वेळचे विनोद कोणालाही समजायचे," म्हणाले. मला राहवलं नाही. म्हटलं, होऊन जाऊ द्या. तिला 'सत्तर रुपये वारले' समजावून सांगा.

भाऊजींनी बाह्या सरसावल्या. 'अशी ही बनवाबनवी', १९८८. अशोक सराफ भाडेकरू, सुधीर जोशी घरमालक. घरमालकाला मधुमेह. औषधासाठी त्याने भाडेकरूला सत्तर रुपये दिलेले, ते तो परत मागतो, तर औषध आणणारा माणूस वारला आणि त्याच्याबरोबर सत्तर रुपयेही वारले. सांगता सांगता भाऊजींना इतकं हसू आलं की शेवटचं वाक्य मलाच पुरं करावं लागलं.

भाचीचा चेहरा कोरा. "पण मामा, सत्तर रुपयांसाठी एवढं कोण मागे लागतं? तेवढ्यात कॉफी पण येत नाही."

पोरगी बरोबर बोलत होती. तेव्हा सत्तर रुपये बुडाले तर घरमालकाच्या जिवाला लागत, म्हणून ती टोपी घालणं गमतीचं. महागाईने रुपया खाल्ला तसा थोडा विनोदही खाल्ला. आम्ही मात्र अजून हसतो, कारण सुधीर जोशींचा तो चेहरा आम्हाला पाठ आहे. ज्याने तो पाहिलेला नाही, त्याच्यापुढे आम्हीही नुसता आकडाच तर म्हणतो. फरक एवढाच, की आम्हाला समजावून सांगण्याची हौस दांडगी आणि या पोरांना समजावण्याचा तिटकारा.

आकड्यांवरून आठवलं. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात सदुसष्टऐवजी 'साठ सात' म्हणायची सोय केली, तेव्हा केवढा गहजब झाला होता! जोडाक्षरांनी मुलं गोंधळतात, हे त्यामागचं कारण कोणी ऐकूनच घेतलं नाही. विधानसभेतसुद्धा आकड्यांवरून कोट्या झाल्या. त्या वर्षी दुसरीत असलेली पोरं म्हणजे बरोबर हाच वयोगट. त्यातली मराठी माध्यमातली किती 'साठ सात' शिकली देव जाणे, पण इंग्रजी माध्यमातल्यांचा सदुसष्टशी संबंध येतो तो भाजीवाल्यापुरता. परवाच भाजीवाला "सदुसष्ट रुपये झाले, ताई," म्हणाला, तेव्हा शेजारी उभी असलेली भाची ढिम्म हलली नाही. तेच इंग्रजीत म्हणाला असता तर तिथेच हातवारे झाले असते.

भाचीच्या शाळेत गणिताच्या बाई या प्रकाराने वैतागल्या आहेत. फळ्यावर उत्तर सदुसष्ट आलं की अख्खा वर्ग हात हलवतो, म्हणून त्या आता गणितंच बदलून देतात. मराठीच्या बाईंना असला काही त्रास नाही. त्या म्हणाल्या, "पान सदुसष्ट काढा." अर्ध्या वर्गाने सत्तावन्न काढलं, उरलेल्यांनी शहात्तर, आणि हसलं कोणीच नाही.